सरासरी ३.५२, आणि तिच्या पोटातली एकवीस मुलं

सत्र संपत आलं की गोव्यातल्या कॉलेजांत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक येते. 'आज संध्याकाळपर्यंत भरा.' मुलं कदंबाच्या बसमध्ये उभ्याउभ्या ती उघडतात, बारा-पंधरा प्रश्नांवर टिचक्या मारतात आणि विसरून जातात. तीन आठवड्यांनी शिक्षकाच्या हातात एक कागद पडतो. त्यावर प्रत्येक प्रश्नासमोर एक आकडा, खाली एकूण सरासरी आणि शेजारी विभागाची सरासरी.

ह्या कागदाचं नाव विद्यार्थी फीडबॅक. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था फीडबॅकची व्यवस्था आहे का, हे विचारते. त्यामुळे तो घेतला जातो, फायलीला लागतो आणि बहुतेक ठिकाणी तिथेच राहतो. तो वाचायचा कसा, हे मात्र आम्हा शिक्षकांना कुणी शिकवत नाही. मी स्वतः पहिली दहा वर्षं तो पगाराच्या स्लिपसारखा वाचला. खालचा आकडा बघायचा, बरं किंवा वाईट वाटून घ्यायचं आणि घडी घालायची.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी असाच कागद घेऊन घरी आली. ती आता दुसऱ्या एका कॉलेजात लेक्चर-बेसिसवर अर्थशास्त्र शिकवते, म्हणजे पुढच्या वर्षीची खात्री नाही. 'स्पष्टपणे समजावून सांगतात' ह्या प्रश्नावर तिला पाचपैकी ३.५२ होते आणि विभागाची सरासरी ३.८ होती. 'सर, मी सरासरीच्या खाली आहे,' एवढंच ती म्हणाली. मग आम्ही दोघांनी तो कागद उलगडला. ती ओळखू येऊ नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत, पण गोष्ट तीच आहे.

आधी मोजा: किती जणांनी भरलं?

वर्गात ५८ मुलं होती. फॉर्म भरला २१ जणांनी. भरणाऱ्यांच्या ह्या प्रमाणाला प्रतिसाद-दर म्हणतात आणि तो इथे ३६ टक्के होता. उरलेल्या ३७ जणांना काय वाटतं, ते कागदावर कुठेच नाही.

हा फरक किती मोठा पडतो, ते साध्या बेरजेनं कळतं. त्या ३७ जणांनीही फॉर्म भरून प्रत्येकी ४ दिले असते, तर सरासरी ३.८३ झाली असती, म्हणजे विभागापेक्षा थोडी वर. त्यांनीच प्रत्येकी २ दिले असते तर ती २.५५ वर आली असती. कागद एकच, पण खरं उत्तर ह्या दोन टोकांमध्ये कुठेही असू शकतं. ग्रामसभेला गावातली एकतृतीयांश माणसं आली आणि ठराव 'गावाचा' म्हणून लिहिला गेला, तसंच हे.

न भरणाऱ्यांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फॉर्म भरायला सहसा तो येतो ज्याला काही बोलायचं असतं, खूप आवडलेला किंवा खूप चिडलेला. मधला, 'ठीक आहे' म्हणणारा मुलगा लिंक उघडतही नाही.

ह्या वर्गात आणखी एक हिशेब करून बघितला. ३.५२ आणि ३.८ ह्यांतलं अंतर २१ जणांत वाटलं तर साधारण सहा गुणांचं निघतं. दोन मुलांनी १ ऐवजी ४ टिचकवला असता, तर हीच बाई ३.८१ वर, सरासरीच्या वर गेली असती. दोन मुलं! त्यातल्या एकाची बस चुकली असेल. एवढ्या लहान वर्गात दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांवरून कुणाची क्रमवारी लावणं म्हणजे काट्यावर बसलेल्या माशीला वजनात धरणं.

सरासरी झाकते, वाटणी सांगते

मी तिला विचारलं, ह्या ३.५२ च्या पोटात काय आहे? ते तिला माहीत नव्हतं, कारण ऑफिसनं फक्त सरासरी दिली होती. तिनं मागितल्यावर पूर्ण तक्ता मिळाला. मागितला की बहुधा मिळतो, फक्त मागायचं असतं हे कुणी सांगत नाही. त्या एका प्रश्नावरची वाटणी अशी निघाली: ५ देणारे नऊ, ४ देणारे चार, ३ देणारा एक, २ देणारे तीन आणि १ देणारे चार.

म्हणजे 'साडेतीन' हे मत जवळजवळ कुणाचंच नव्हतं. तेरा जणांना छान समजत होतं, सात जणांना समजत नव्हतं आणि मधे एकटा मुलगा उभा होता. एक पाय उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात असलेल्या माणसाला सरासरी कोमट ठरवते, तसा तो ३.५२ होता.

इथे वाचनाची दिशाच बदलली. 'मी बरी शिकवते का?' हा प्रश्न बाजूला राहिला आणि 'कुणाला काय समजत नाहीये?' हा पुढे आला. पहिल्याचं उत्तर ह्या कागदात नव्हतंच. दुसऱ्याचं मात्र काही प्रमाणात होतं.

ओळी आडव्या वाचा

फॉर्म गूगलवर असला की त्याचा तक्ता निघतो आणि त्यात एक आडवी ओळ म्हणजे एक मूल. लोक तो उभा वाचतात, प्रश्नाप्रमाणे. आम्ही तो आडवा वाचला.

कमी गुण देणाऱ्या सात ओळींपैकी दोन ओळींत बाराही प्रश्नांना १ होता. 'वेळेवर येतात' ह्यालासुद्धा १. ती कधी उशिरा गेलेली नव्हती, हजेरीच्या वहीवरून ते सिद्ध होत होतं. ह्या दोघांनी प्रश्न वाचलेच नव्हते. एका रागाची रेघ वरून खालपर्यंत ओढली होती. तशीच सरळ रेघ दुसऱ्या बाजूलाही होती: सहा ओळींत सगळ्याला ५. त्यांनीही प्रश्न वाचले नव्हते, फक्त ही रेघ कौतुकाची असल्यामुळे कुणाला खटकत नाही. दोन्ही काढून टाकायच्या नाहीत, पण कशात काय बिघडलंय ते त्यांच्याकडून कळत नाही.

राहिल्या तेरा ओळी. त्यात कमी गुणांच्या पाच ओळी फार बोलक्या होत्या. वेळेवर येण्याला ५, आवाज ऐकू येण्याला ४ किंवा ५, शंका विचारू देण्याला ४, आणि फक्त दोन जागी १ नाहीतर २: 'स्पष्टपणे समजावून सांगतात' आणि 'शिकवण्याची गती योग्य आहे'. ही मुलं चिडलेली नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचं त्यांनी नीट उत्तर दिलं होतं. सगळ्या कागदात कामाचा ऐवज तो एवढाच, पाच ओळींचा.

एक सावधगिरी इथेच सांगतो. तक्त्यात भरल्याची वेळ असते आणि कोण कधी ऑनलाइन होतं ते ताडून बघायचा मोह होतो. तो मोडून काढावा. नाव फुटेल अशी शंका जरी मुलांना आली, तरी पुढच्या वर्षी सगळ्या रेघा ५ च्या येतील आणि तुम्ही आंधळे व्हाल. ऑफिसनं तो वेळेचा रकाना आधीच काढून टाकावा, हे सर्वांत बरं.

शेरे: 'फास्ट' म्हणजे काय?

शेवटच्या मोकळ्या चौकटीत अकरा जणांनी काहीतरी लिहिलं होतं. चार जणांचं 'गुड', 'बरें शिकयतात', 'नथिंग' असं होतं. एकानं नोट्सची पीडीएफ मागितली होती, एकाला सकाळच्या लेक्चरची हजेरी नको होती. एका शेऱ्यात तिच्या साड्यांविषयी मत होतं. एकानं आयएसएचे, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षेचे, पेपर फार उशिरा मिळतात असं म्हटलं होतं. आणि तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच लिहिलं होतं: आलेखाच्या वेळी मॅम फास्ट जातात.

माणसाचं मन अकरा शेऱ्यांतून सर्वांत बोचरा उचलतं. ती आठवडाभर साड्यांच्याच शेऱ्यावर अडकली होती. म्हणून शेरे वाचताना मी एक सवय लावून घेतली आहे. आधी सगळे वहीत उतरवायचे आणि प्रत्येकापुढे लिहायचं की ह्यावर मी काही करू शकतो का. साड्यांवर काट मारली. हजेरीचा नियम तिचा नाही, तेव्हा तो वर्गात एकदा समजावून सांगायचा. पेपरांची तक्रार तपासता येण्याजोगी होती, तिनं वही काढून बघितली. परीक्षा ते पेपर परत देणं, मधे २४ दिवस गेले होते. मुलगा खरं बोलत होता. चवथीची सुट्टी मधे आली हे तिचं कारण होतं आणि ते खरंही होतं, पण चवथ काही अचानक येत नाही.

आता 'फास्ट'. हा शब्द फसवा आहे. तिनं लगेच ठरवलं की हळू बोलायचं. मला दुसरीच शंका होती. आपल्याकडे पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीपासून एकदम इंग्रजीत जातात, तेव्हा अडचण भाषेची असावी. दोघांनीही निदान करून टाकलं, रोग्याला न विचारता.

सुदैवानं पुढच्या सत्रात तोच वर्ग तिच्याकडे दुसऱ्या पेपरला होता. लेक्चरच्या शेवटच्या पाच मिनिटांत तिनं अर्धा-अर्धा कागद वाटला. नाव लिहायचं नाही, एकच प्रश्न: 'मागच्या सत्रात आलेख समजताना नेमकं कुठे अडत होतं?' चाळीस चिठ्ठ्या आल्या. काहींना शब्द जड गेले होते, म्हणजे माझी शंका अगदीच वाया गेली नाही. पण निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांचं सार असं होतं: 'काढून होईपर्यंत फळा पुसला जातो.'

तिच्या वर्गातला फळा लहान आहे. ती मागणीची रेषा काढायची, बोलायची, दुसरी रेषा काढायला पहिली पुसायची. पाठीमागच्या बाकांवरची मुलं उतरवण्यात गुंतलेली असायची, म्हणून ऐकत नव्हती, आणि ऐकत नव्हती म्हणून उतरवलेलं त्यांना कळत नव्हतं. तिच्या बोलण्याच्या वेगाचा ह्यात काही दोष नव्हता. ती हळू बोलली असती तर पुढच्या बाकांना कंटाळा आला असता आणि मागच्यांचा फळा तरीही पुसला गेलाच असता.

फीडबॅकचा फॉर्म दुखतंय कुठे ते सांगतो, का दुखतंय ते सांगत नाही. त्यासाठी असं पुन्हा विचारावं लागतं.

मग बदललं काय?

तिनं दोनच गोष्टी हाती घेतल्या. फळ्याची डावी बाजू फक्त आलेखासाठी ठेवली आणि ती लेक्चर संपेपर्यंत पुसायची नाही असं ठरवलं. नवी रेषा जुन्यावरच दुसऱ्या रंगाच्या खडूनं येते. आणि आलेख झाला की दोन मिनिटं ती गप्प राहते. मुलांनी वहीत स्वतः एक आलेख काढायचा, पण तिनं काढलेला नाही, तिनं सांगितलेल्या नव्या प्रसंगाचा. जून-जुलैत मासेमारी बंद असताना बांगड्याचा भाव चढला, तर लोक किती कमी घेतील? आणि मिठाचा भाव तेवढाच चढला तर? दोन रेषांचा उतार वेगळा का, ते शेजाऱ्याला सांगायचं. मागणीची लवचिकता ही कल्पना तिथे, दोन रेषांच्या मधे, समजते.

पेपरांसाठी तिनं परीक्षेच्या दिवशीच परत देण्याची तारीख फळ्यावर लिहायला सुरुवात केली. पीडीएफ मात्र दिली नाही, आणि का देत नाही ते सांगितलं. मागितलेलं सगळं द्यायलाच हवं असं नाही, पण मागणी ऐकली हे कळायला हवं. पुढच्या वर्गाला 'गेल्या वर्षीच्या मुलांनी हे सांगितलं, म्हणून हे बदललं' असं पहिल्याच दिवशी सांगितलं की फॉर्म भरणारेही वाढतात, असा माझा अनुभव आहे.

सत्राअखेरच्या फॉर्मची मोठी उणीव अशी की भरणाऱ्याला त्याचा उपयोगच होत नाही, तोवर त्याचा कोर्स संपलेला असतो. म्हणून ती अर्ध्या कागदाची चिठ्ठी आता पाचव्या आठवड्यात घेते, चवथीच्या सुट्टीआधी. ती ऑफिसला जात नाही, सरासरी काढायची नाही, फक्त वाचायची. हवं तर एखाद्या सहकाऱ्याला वीस मिनिटं वर्गात पाठवून, स्वतः बाहेर थांबून, मुलांशी बोलायला लावावं. तिऱ्हाईतापाशी मुलं मोकळी होतात.

'पण मुलांना काय कळतं?'

स्टाफरूममधला हा नेहमीचा सवाल आणि तो अगदीच चुकीचा नाही. पेपर वेळेवर मिळाले का, मागच्या बाकावर ऐकू आलं का, शंका विचारल्यावर अपमान झाला का, हे मुलांइतकं कुणालाच कळत नाही. 'शिक्षकांचं विषयज्ञान' हा प्रश्न मात्र त्यांना विचारणंच चूक आहे. जो विषय ते पहिल्यांदा शिकताहेत, त्यातलं शिक्षकाचं ज्ञान ते कशावरून जोखणार? आत्मविश्वासावरूनच. अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका नटाला 'डॉ. फॉक्स' नावानं उभं करून निरर्थक पण रंगतदार भाषण द्यायला लावलं होतं, आणि शिकल्या-सवरलेल्या श्रोत्यांनी त्याला चांगले गुण दिले होते.

'सोपा पेपर काढला की गुण वाढतात!'

ह्याचा एक गंभीर पुरावा २०१० सालचा आहे. अमेरिकेच्या वायुदल अकादमीत मुलांना वर्ग चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले जातात आणि परीक्षा सगळ्यांना एकच असते, त्यामुळे शिक्षकांची तुलना स्वच्छ करता येते. कॅरेल आणि वेस्ट ह्या संशोधकांना दिसलं की ज्यांच्या हाताखाली त्याच कोर्सात मुलांना चांगले मार्क पडले, त्यांना मुलांनी फीडबॅकमध्येही वर चढवलं, पण त्या शिक्षकांची मुलं पुढच्या, अवघड कोर्सात मागे पडली. आजची खुशी आणि उद्याचं ज्ञान ह्या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या.

दुसरा अभ्यास २०१९ चा, हार्वर्डमधला. भौतिकशास्त्राच्या वर्गात एका गटाला सुरेख व्याख्यान दिलं, दुसऱ्याला स्वतः गणितं सोडवायला लावलं. चाचणीत सोडवणारा गट पुढे होता, पण आपण कमी शिकलो असं त्याच गटाला वाटलं. धडपडताना माणसाला आपण अडाणी आहोत असं वाटत राहतं. हे मी माझ्या विद्यार्थिनीला आधीच सांगून ठेवलं होतं: मुलांना वहीत आलेख काढायला लावशील, तर आकडा कदाचित खाली येईल. घाबरून बदल मागे घेऊ नकोस. आणि हे का करायला लावतेस, ते वर्गाला सांग.

'बाईंना कमी गुण मिळतात, हे खरं का?'

२०१५ च्या एका प्रयोगात ऑनलाइन कोर्स शिकवणाऱ्या एका पुरुषानं आणि एका स्त्रीनं काही गटांपुढे आपापली ओळख बदलली. पुरुष समजल्या गेलेल्या शिक्षकाला जास्त गुण मिळाले. कामं परत देण्याची वेळ दोघांची सारखी असूनही तत्परतेचे गुणसुद्धा त्यालाच जास्त! प्रयोगात फक्त ४३ विद्यार्थी होते, तेव्हा त्यावर इमला बांधू नये. पण साड्यांचा तो शेरा मला ह्या प्रयोगाची आठवण करून देतो. माझ्या पस्तीस वर्षांत माझ्या शर्टाविषयी एकाही मुलानं लिहिलेलं नाही, आणि शर्ट तर काही बघण्यासारखे नव्हते.

वरचे फक्त आकडाच बघतात, त्याचं काय?

लेक्चर-बेसिसवर असलेल्यांची खरी धास्ती ही. कॅनडात २०१८ साली एका विद्यापीठाच्या वादात लवादानं बढती किंवा कायम नेमणूक ठरवताना शिकवण्याची परिणामकारकता मोजायला असे गुण वापरू नयेत असा निर्णय दिला. आपल्याकडे तसं कुणी सांगितलेलं नाही, तेव्हा आपल्या कागदाबरोबर आपणच एक पान जोडावं. तिनं जोडलेल्या पानावर चार ओळी होत्या: ५८ पैकी २१ प्रतिसाद, गुणांची पूर्ण वाटणी, चिठ्ठ्यांतून सापडलेलं कारण आणि केलेले दोन बदल. प्राचार्यांनी ते वाचलं. वाचायला पान असलं की वाचतात, नसलं की आकडा वाचतात.

ह्या वर्षी नव्या वर्गात ५५ मुलं होती आणि ३४ जणांनी फॉर्म भरला. ५ देणारे सात, ४ देणारे चौदा, ३ देणारे नऊ, २ देणारे तीन, १ देणारा एक. सरासरी ३.६८. ऑफिसच्या कागदावर 'वाढ ०.१६' एवढंच आलं. वर्ग वेगळा आहे, त्यामुळे सगळं श्रेय खडूला देता येणार नाही, हे तिलाही कळतं. पण पाचचे कमी झालेत, एकचे जवळपास गेलेत आणि मधली, 'ठीक आहे' म्हणणारी मुलं लिंक उघडायला लागलीत. शेऱ्यांत 'फास्ट' एकदाही नाही. एकानं लिहिलंय, 'बांगड्याचा आलेख काढायला दोन मिनिटं पुरत नाहीत.' ती आता तीन देते.